‘सोन्याला लागू देऊ नये’ असं लिहिलेल्या क्रीमच्या डबीबद्दल

प्रति,
‘सात दिवसांत गोरेपणा’ देणाऱ्या क्रीमच्या कंपनीचे मालक,
त्यांचे आमच्या तालुक्यातले वितरक,
आणि ही जाहिरात रोज संध्याकाळी दाखवणारे आमच्या गावच्या केबल वाहिनीचे चालक यांस,

नमस्कार.

तुमच्यापैकी दोघे मला नावानं ओळखतात. तिसऱ्यांनी, म्हणजे मालकांनी, मला पाहिलेलं नाही. पण माझ्या दुकानाचं नाव गेले दोन महिने तुमच्या जाहिरातीच्या शेवटी ‘मिळण्याचे ठिकाण’ म्हणून झळकतंय. ते मला न विचारता टाकलंत. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, हे कबूल करतो. बाजारात दोघा-तिघांनी “काय शेठ, टीव्हीवर!” म्हणून पाठीवर थाप मारली होती. आता त्याच नावाखातर हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्हाला केलेल्या फोनांना “साहेब बाहेर गेलेत” यापलीकडे उत्तर मिळालेलं नाही.

माझं जनरल स्टोअर्स आहे. वडिलांनी टाकलेलं, बत्तीस वर्षांपासून मी बघतो. वह्या, पावडर, बांगड्या, साबण, तेल, सुई-दोरा. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज करून संध्याकाळी गल्ल्यावर बसते. उधारीची वही तिच्या अक्षरात आहे. तुमचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हाही ती तिथंच होती.

तो चांगला बोलका होता. डबीवर छापील किंमत 499, मला 140 ला. वर बारावर चार फुकट. मी तीन स्कीम घेतल्या. म्हणजे पैसे 36 डब्यांचे, 5,040 रुपये, आणि माल 48. त्यानं पोस्टर लावलं, डब्या काचेत पुढं मांडून दिल्या, आणि जाता जाता मुलीकडं बघून हसत म्हणाला, “शेठ, एक डबी आधी ताईंनाच द्या. घरचीच जाहिरात होईल.”

आमची मुलगी सावळी आहे, आपल्या आजीवर गेलीय. त्याच्या बोलण्यावर मी काय केलं? मी पण हसलो. गिऱ्हाईक असो की सेल्समन, समोरचा हसला की दुकानदाराचं तोंड आपोआप हसतं. ती हसली नाही, चिडलीही नाही. तिनं डबी उचलली आणि उलटी करून बुडाकडून वाचायला लागली. दुकानदाराच्या पोरांना ही सवयच असते. वस्तू हातात आली की पुढचं चित्र नंतर, आधी तारीख, किंमत, बॅच नंबर.

“बाबा, ह्याच्यावर लायसन नंबर नाही,” ती म्हणाली. तोवर तुमच्या माणसाची मोटरसायकल चौकाच्या पलीकडं गेली होती.

त्या रात्री शटर अर्धं ओढून आम्ही बापलेक ती डबी घेऊन बसलो. मला वाटलं, पोरीला त्याचं बोलणं लागलंय, म्हणून खोड काढतेय. तिनं शेल्फवरून आपल्याच दुकानातली एका नेहमीच्या कंपनीची क्रीम काढून शेजारी ठेवली आणि दोन्ही लेबलं ओळीनं वाचून दाखवली. नेहमीच्या ट्यूबवर बनवणाऱ्याचं नाव, प्लॉट नंबरासकट पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, कधीपर्यंत वापरावी ती तारीख आणि आत काय काय आहे त्याची लांबलचक यादी. तुमच्या डबीवर ‘मार्केटेड बाय’ म्हणून एक नाव, पुढं नुसतं ‘औद्योगिक वसाहत’, आणि घटक म्हणून चार शब्द: केशर, चंदन, हळद, मोती. तारखेचा शिक्का निळ्या शाईचा होता. तिनं बोट ओलं करून फिरवलं, तर वर्ष पुसलं गेलं.

मी म्हटलं, आयुर्वेदिक असेल, त्याला वेगळं असतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मेडिकलवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आयुर्वेदिक औषध बनवायलाही परवाना लागतोच, आणि तो नंबर लेबलवर असावाच लागतो. सौंदर्यप्रसाधन म्हणा नाहीतर औषध म्हणा, बिननंबरी काहीच नसतं.

मग ती पोस्टरकडं वळली. हे मी थोडं सविस्तर सांगतो, कारण ते पोस्टर मी आठवडाभर रोज बघत होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे एकाच बाईचे दोन फोटो. ‘आधी’मध्ये पदर डाव्या खांद्यावर, नथ डाव्या नाकपुडीत, जशी असते तशी. ‘नंतर’मध्ये पदर उजव्या खांद्यावर आणि नथही उजवीकडं. स्टुलावर चढून तिनं बोट ठेवून दाखवलं: कानावर सुटलेली केसांची बट दोन्ही फोटोंत तीच, तेवढीच, फक्त उलट्या बाजूला. फोटो एकच होता. आरशासारखा फिरवला आणि उजेड वाढवला. साडीचा काठ पांढरा पडला होता आणि मागची पिवळट भिंतसुद्धा उजळली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “क्रीम बाईनं लावलं, मग भिंत कशी गोरी झाली?”

मी हसलो. यावेळी खरंच हसू आलं. पण तरी डब्या काचेतून काढल्या नाहीत, हेही इथंच सांगून टाकतो. पाच हजार अडकले होते. मनात म्हटलं, फोटो काय, सगळेच असे करतात. आतला माल चांगला असेल.

तोवर डब्या विकल्या जात होत्या. लग्नसराई तोंडावर होती. तुमच्या जाहिरातीत पाहुणे मुलगी बघून मान वळवतात, मग आई डबी आणते, मग तेच पाहुणे पेढे घेऊन येतात. ते बघून माझ्याकडं मुलींपेक्षा त्यांच्या आयाच जास्त आल्या. 350 ला एक देत होतो. 105 ला पडलेली वस्तू 350 ला. साबणावर शंभराला आठ-दहा रुपये सुटणाऱ्या माणसाला एवढा फायदा दिसला की त्याचं डोकं चालायचं थांबतं. मुलीचं मात्र तिथंच चालायला लागलं. वहीत हिशेब मांडून तिनं विचारलं, वितरकाचे पैसे, जाहिरातीचे पैसे, ह्या माणसाचा पगार आणि पेट्रोल, डबी आणि खोकं, हे सगळं 105 मधून गेल्यावर आतल्या क्रीमला किती उरतात? आणि तेवढ्यात केशर येतं का? केशर आपणही विकतो, ग्रॅमचा भाव तुम्हीच सांगा.

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आणि मग तिला डबीच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद सापडला. त्यावर वापरायची पद्धत होती. रात्री लावावे. लावून उन्हात जाऊ नये. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये. मध्येच बंद केल्यास रंग पूर्ववत होऊ शकतो, तरी सातत्य ठेवावे.

तिनं तिसरं वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाली, “हळद लागते त्या दिवशी नवरी सोनं घालूनच बसते ना? मग हळद-चंदनाला सोन्याचं काय वावडं?”

सोन्याचं वावडं पाऱ्याला असतं. थर्मामीटर फुटला की आई अंगठी काढायला लावायची, ते आठवा. पारा सोन्यात शिरतो आणि ते पांढरं पडतं. मेडिकलवाल्यांनी आणि मुलीच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी पुढचं समजावलं. कातडीला रंग देणारं द्रव्य आपलं शरीर स्वतः बनवतं. पाऱ्याचे क्षार ते बनण्याचं कामच अडवतात, म्हणून रंग उतरतो. पण तोच पारा कातडीतून आत जातो आणि त्याचा मार मूत्रपिंडावर बसतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2023 च्या सुमारास मूत्रपिंडाच्या एका दुर्मीळ विकाराचे रुग्ण लागोपाठ यायला लागले आणि डॉक्टरांनी खोदून विचारलं, तर त्यातले बरेच जण गोरेपणाची क्रीम लावणारे निघाले. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायची सोयच नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच सूट. दुकानदाराच्या मापात सांगायचं तर दहा क्विंटल साखरेत एक ग्रॅम.

मी बोटातली अंगठी काढून क्रीम घासून बघायला निघालो होतो. मुलीनं हात धरला. म्हणाली, अंगठी पांढरी पडली नाही म्हणजे पारा नाही असं होत नाही, आणि पडली तरी किती आहे ते कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून तुमच्या डबीत पारा आहे असं मी या पत्रात म्हणत नाही. तुमच्याच कागदावर ती सूचना का छापलीत, एवढंच विचारतोय.

कागदातलं शेवटचं वाक्य, बंद केल्यास रंग पूर्ववत होतो, त्याचा अर्थ आम्हाला आठ दिवसांनी कळला. गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या मुलीला मी स्वतः दोन डब्या दिल्या होत्या. पहिल्या दहा दिवसांत ती इतकी उजळ दिसायला लागली की तिला बघून आणखी तिघी आल्या. दुसरी डबी संपली, तिसरीला पैसे नव्हते, म्हणून लावणं थांबलं. चौथ्या-पाचव्या दिवशी चेहरा लाल झाला. चुलीपुढं बसवेना, उन्हात गेलं की आग, गालावर बारीक पुळ्या. मावशी तिला ओढणीनं तोंड झाकून दुकानात घेऊन आल्या. भांडायला नव्हे. तिसरी डबी उधार मागायला. “लावलं की थंड वाटतं म्हणते हो,” म्हणाल्या.

मुलीनं वही मिटली आणि डबी दिली नाही. दुसऱ्या दिवशी ती दोघींना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी कातडीच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी गालावरची नवी लव आणि कातडीखाली दिसणाऱ्या बारीक लाल शिरा बघून विचारलं, कुठली क्रीम लावत होतीस? असे चेहरे त्यांच्याकडं नेहमी येतात, म्हणाल्या. बहुधा स्टेरॉइड. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असली औषधं इसब-सोरायसिसला डॉक्टर मोजून देतात. चेहऱ्यावर रोज चोपडली की आधी रक्तवाहिन्या आकसून कातडी फिकी, तुकतुकीत दिसते. मग कातडी पातळ होते, तिला त्याची सवय लागते, आणि थांबवलं की सगळं उसळून वर येतं. माणूस घाबरून परत तीच डबी आणतो. कंपनीला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठलं मिळणार! ही औषधं 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मी तर मेडिकलवालाही नाही. तसलं काही या डबीत असेल, तर तुम्ही माझ्या हातून ते बांगड्यांच्या शेजारी ठेवून विकवलंत.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते इथं मुद्दाम लिहितो. वरची कातडी झडून नवी यायला साधारण चार आठवडे लागतात. सात दिवसांत रंग बदलत असेल, तर ती क्रीम कातडीचं पोषण वगैरे करत नाही, दुसरंच काहीतरी करतेय. असली क्रीम लावणाऱ्या कुणाच्या पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज आली, लघवीला फेस यायला लागला, तर लघवीची तपासणी करून घ्यायची, लाजायचं नाही. त्या मुलीची केली. सुदैवानं ठीक निघाली. चेहरा निवळायला महिने लागतील.

त्या रात्री 29 डब्या काचेतून निघाल्या. विकल्या होत्या 19. मुलगी आणि मी वही घेऊन घरोघर फिरलो. तेरा परत मिळाल्या, अर्ध्या-मुर्ध्या, काही नुसत्या खरवडलेल्या; त्यांचे पैसे देऊन टाकले. मावशींच्या दोन संपलेल्याच होत्या. दोन गिऱ्हाइकं गावाबाहेरची, सापडली नाहीत. उरल्या दोघींनी दिल्या नाहीत. एक म्हणाली, फरक पडतोय, मग का देऊ? दुसरी दार अर्धं लावून हळूच म्हणाली, “येत्या रविवारी बघायला येणार आहेत. तेवढं होऊ दे दादा, मग बंद करते.” मुलगी तिथं बराच वेळ काही न बोलता उभी राहिली. मग डॉक्टरांचा नंबर लिहून दिला आणि आम्ही निघालो.

आता प्रत्येकाला वेगळं सांगायचं ते सांगतो.

वितरकसाहेब, तुम्ही मला पक्कं बिल दिलेलं नाही. कच्च्या चिठ्ठीवर माल टाकलात, त्यावर ना तुमचा जीएसटी क्रमांक, ना बॅच. मी मागितलं तेव्हा ‘पुढच्या खेपेला’ म्हणालात. उद्या निरीक्षक दारात आले आणि हा माल कुणाकडून घेतला ते सांगा म्हणाले, तर कायद्यानं मला सांगावंच लागतं. चुकीच्या लेबलचा माल विकणाराही कायद्यात दोषीच असतो. माझी चूक मी मान्य केलीय. तुमच्या नावाचा कागद द्या.

केबलवाले, आपण एका शाळेत शिकलो. तुमच्या व्यवसायाला लागू असलेल्या 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांत सातवा नियम जाहिरातींचा आहे. सिद्ध करणं अवघड अशा चमत्कारी गुणाचा दावा करणारी जाहिरात दाखवू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तुमच्याकडच्या जाहिरातीचा पहिलाच शब्द ‘चमत्कारी’ आहे. आणि सावळ्या मुलीला लग्नाच्या बाजारात कमी लेखून दाखवू नये, हे जाहिरात मानक परिषदेनं 2014 सालीच सांगून ठेवलंय. ती जाहिरात तुमच्या घरीही सगळे जेवताना बघत असतील. तुमच्याही दोन मुली आहेत.

मालक, तुमची ‘नाहीतर पैसे परत’ ही हमी मी भिंग घेऊन वाचली. तीन डब्या, सलग 90 दिवस, रिकाम्या डब्या आणि मूळ बिल पाठवायचं. छापील किमतीनं 1,497 रुपये घालवल्यावर, आणि ज्या बिलाचं तुमचा वितरक नावच काढत नाही, ते जोडल्यावर. ही हमी कुणाला मिळू नये म्हणूनच लिहिलीय.

माझ्या मागण्या एवढ्याच. उत्पादन परवान्याचा क्रमांक, कारखान्याचा पूर्ण पत्ता, घटकांची खरी यादी आणि पारा व स्टेरॉइड तपासल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल 15 दिवसांत लेखी द्या. तो येईपर्यंत जाहिरात बंद ठेवा आणि माझ्या दुकानाचं नाव तिच्यातून आजच काढा. तालुक्यात ज्यांनी डबी घेतली त्यांना बिल आणि रिकामी डबी न मागता पैसे परत करा, आणि ही सूचना जाहिरात जितक्या वेळा दाखवलीत तितक्या वेळा, त्याच वेळेला दाखवा. मावशींच्या मुलीच्या उपचाराचा खर्च द्या. मी गिऱ्हाइकांना परत दिलेले 4,550 रुपये मागत नाही, ते माझ्या हावरटपणाचे गेले.

औषधे व प्रसाधने कायद्याच्या 26 व्या कलमानुसार साध्या माणसालाही विकत घेतलेलं प्रसाधन शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. हे मलाही माहीत नव्हतं, मुलीनं शोधलं. एक न उघडलेली डबी त्यासाठी बाजूला काढली आहे आणि अर्ज तिनं भरून ठेवलाय. फसव्या जाहिरातीची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंदवून झाली आहे.

तुमचा माणूस परवा येऊन गेला. उरलेला माल उचलतो आणि पैसे देतो म्हणाला, पत्र मात्र लिहू नका. मी वहीकडं बघितलं. पाच हजार म्हणजे माझ्या दुकानात थोडे नसतात. मुलगी आतून म्हणाली, “उचलून कुठं नेणार? शेजारच्या तालुक्यात?” त्याला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा डब्या परत मिळणार नाहीत. वापरलेल्या आणि न वापरलेल्या मिळून 42 आहेत, अर्जासाठी काढलेली एक सोडून बाकीच्या पोत्यात बांधून वर माळ्यावर ठेवल्या आहेत, तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. तुम्हाला यायचं असेल तर दुकान सकाळी साडेआठला उघडतं, मंगळवारी बंद असतं. संध्याकाळी आलात तर गल्ल्यावर ताईच असतील. येताना पक्कं बिल घेऊन या.

आपला,
तुमच्या जाहिरातीतला ‘मिळण्याचे ठिकाण’वाला